ज्या कवितेत 'सौदादे' हा शब्दच नाही

प्रश्न : मी तीन वर्षं पोर्तुगीज शिकते आहे. आता सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज कवी कामोंइशचं 'आल्मा मिन्या जेंतिल' हे सुनीत मराठीत आणायचं ठरवलंय. अडचण 'सौदादे'ची आहे. हा शब्द कुठल्याच भाषेत जात नाही म्हणतात. विरह, हुरहूर, ओढ, आठवण सगळं लावून पाहिलं, समाधान होत नाही. शीर्षकात 'सौदादे' तसाच ठेवून खाली टीप द्यावी का?

उत्तर : आधी एक करा. मूळ सुनीत समोर ठेवा आणि त्यात 'सौदादे' किती वेळा आलाय ते मोजा. एकदाही नाही. चौदा ओळी मेलेल्या प्रियेला उद्देशून आहेत, पोर्तुगीज शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या पाठ केल्या गेल्या आहेत, आणि तो प्रसिद्ध शब्द त्यात नाही. तुम्ही तो शीर्षकात घातलात तर कवीनं जे न बोलता साधलं त्यावर पाटी लावल्यासारखं होईल. मी हीच चूक केली होती म्हणून सांगतो. माझ्या पहिल्या खर्ड्याचं शीर्षक 'विरह' होतं.

'सौदादे'चं एवढं प्रस्थ का आहे ते दोन मिनिटांत सांगतो, मग कवितेकडे येऊ. तो मुळात लॅटिनमधल्या एकटेपणाच्या शब्दावरून आला. पंधराव्या शतकात पोर्तुगालचा राजा दुआर्त यानं आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं की या शब्दाला लॅटिनमध्ये किंवा दुसऱ्या भाषेत जोड नाही. म्हणजे 'अनुवाद होत नाही' ही फुशारकीच जवळजवळ 600 वर्षांची आहे. गंमत अशी की शेजारच्या गालिसियन भाषेत हाच शब्द आहे.

खरी अडचण अर्थाची नसून व्याकरणाची आहे. पोर्तुगीज माणसाकडे सौदादे 'असते', तीही बहुतेकदा अनेकवचनात, आणि भेट झाली की तो ती 'मारतो'. मराठीत हे सगळं उलट चालतं. आठवण आपल्याकडे नसते, ती येते. ओढ लागते, लळा लागतो, हुरहूर लागते, चैन पडत नाही, करमत नाही. या सगळ्यात 'मी' कर्ता नाहीच, 'मला' आहे. कोकणीतही 'तुजो उगडास येता', म्हणजे तिथेही येणारा तो उगडासच. आणि भेट झाल्यावर आपण काही मारत नाही, आपले डोळे निवतात. तेव्हा एखाद्या कवितेत 'सौदादे' खरंच आला तर नामाला नाम शोधत बसू नका. ते वाक्य मराठीत कोण कोणाला म्हणेल ते बघा. 'तुझ्याशिवाय करमत नाही' हे पाच टीपांपेक्षा अचूक असतं. बोलण्यात तर हमखास. 'करमणे' पोर्तुगीजमध्ये न्यायची वेळ आली तर त्यांनाही टीपच लिहावी लागेल.

आता सुनीत. कामोंइश 1553 मध्ये गोव्यात आला. पुढे पूर्वेकडच्या प्रवासात मेकाँग नदीच्या मुखाशी त्याचं जहाज फुटलं आणि त्यात त्याची चिनी प्रेयसी बुडाली, तिच्यासाठी हे सुनीत, अशी आख्यायिका आहे. पुरावा नाही. मी ही गोष्ट टीपेतसुद्धा देत नाही, कारण ती एकदा वाचली की वाचक कवितेत पाणी शोधू लागतो आणि कवितेत पाण्याचा थेंब नाही. सुनीत छापलं गेलं ते 1595 मध्ये, कवी 1580 मध्ये गेल्यानंतर.

खर्डा घेऊन मी पणजीतल्या एका वृद्ध बाईंकडे गेलो होतो. त्यांचं शिक्षण पोर्तुगीजमधून झालेलं आणि हे सुनीत त्यांना तोंडपाठ. त्यांनी माझं मराठी ऐकून घेतलं, आणि कोकणीत एवढंच म्हणाल्या, "तो रडना रे, तो मागता." घरी येऊन मी मूळ पुन्हा वाचलं आणि कानशिलं तापली. माझ्या खर्ड्यात अश्रू होते, काळोख होता, व्याकूळ हृदय होतं. मुळात यातलं काही नाही. मुळात एक अर्ज आहे, व्यवस्थित मांडलेला. पहिल्या चार ओळींत परिस्थिती. पुढच्या चारांत 'जर' आणि एक विनंती: विसरू नकोस. मग तीन ओळींच्या कडव्यात दुसरा 'जर'. शेवटच्या तीन ओळींत खरी मागणी: देवाकडे शब्द टाक आणि मला लवकर ने म्हणावं. दुःख या अर्जाच्या शिस्तीत आहे. ती शिस्त मोडली की उरतं ते रडगाणं.

म्हणून मी शब्दांच्या आधी पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी अधोरेखित करतो. तुम्हीही तसंच करा, रंगीत पेन्सिली घ्या. इथे चार गोष्टी निघतात.

'लवकर' तीनदा आहे. दुसऱ्या ओळीत ती इतक्या लवकर गेली. तेराव्या ओळीत मला तितक्या लवकर ने. चौदाव्यात, जितक्या लवकर तिला नेलंस. मी पहिल्या खर्ड्यात अनुक्रमे 'अकाली', 'सत्वर' आणि 'अवेळी' लिहिलं होतं. शाळेत निबंधाला गुण मिळतात ते शब्द बदलल्याबद्दल, तीच सवय. पण इथे युक्तिवादच त्या शब्दावर उभा आहे: तुला जमलं ना लवकर न्यायला, मग मलाही तेवढ्याच लवकर ने. शब्द बदलला की हिशेब जुळत नाही. तिन्ही ठिकाणी साधा 'लवकर'च हवा.

दुसरी गोष्ट जाण्याची. पहिल्या ओळीत ती स्वतः 'निघून गेली' आहे. शेवटच्या ओळीत देवानं तिला 'नेलं' आहे, आणि सुनीताचा शेवटचा शब्द तोच. म्हणजे चौदा ओळींत दोष तिच्यावरून उचलून देवावर ठेवला जातो, कुठेही आवाज न चढवता. इथे मराठी आपल्याला फुकटात देणगी देते. मरणाबद्दल आपण म्हणतोच की 'ती गेली', आणि म्हणतोच की 'देवानं नेलं तिला'. शिवाय आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे 'नेलं' शेवटी आणायला कसरत लागत नाही. एवढा नेमका योग क्वचित जुळतो. तो 'प्रयाण' आणि 'हिरावणे' लिहून घालवू नका.

तिसरी जोडी 'इथे' आणि 'तिथे' यांची, दोन-दोनदा आलेली. पण पोर्तुगीजमध्ये इथे-तिथेसाठी वेगळे, बोट दाखवणारे शब्द आहेत. कवीनं वापरलेले शब्द त्याहून सैल आहेत, आपल्या 'इकडे-तिकडे'सारखे, जागेपेक्षा बाजू सांगणारे. 'इकडे' वापरलं की मराठी कानाला आणखी एक ऐकू येतं: जुन्या पत्रांतलं 'इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी'. हे सुनीत एका अर्थी असलंच पत्र आहे, फक्त इकडील खुशाल नाही. एक धोका आहे. दोन शब्द एका ओळीत शेजारी आले की 'इकडेतिकडे' होऊन भटकतात. त्यांना वेगवेगळ्या ओळींत ठेवा, मुळातही तसेच आहेत. आजीच्या पिढीत नवऱ्याला 'इकडून', 'तिकडून' म्हणायचे तीही छटा काहींना ऐकू येईल. येऊ द्या, नातं नवरा-बायकोसारखंच वाटलं तर बिघडत नाही.

चौथी गोष्ट डोळे. आठव्या ओळीत तिनं त्याच्या डोळ्यांत प्रेम पाहिलं होतं. चौदाव्यात देवानं तिला त्याच डोळ्यांमधून उचललं. माझ्या हातून आधी 'डोळ्यांदेखत' गेलं होतं. मराठी झकास, पण अर्थ साक्षीदाराचा. 'डोळ्यांआड केलं' हेही सुचेल, तेही नको, कारण आड गेलेलं परत येऊ शकतं. 'डोळ्यांत पाहिलंस' आणि 'डोळ्यांतून नेलं' एवढंच ठेवलं की दोन ओळींमधली गाठ आपोआप बसते.

आता पहिली ओळ, जिथे मी सर्वांत जास्त दिवस घालवले. 'आल्मा' म्हणजे आत्मा, पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी. त्यामुळे ती स्त्री आणि तिचा आत्मा एकाच शब्दात सहज राहतात. मराठीत आत्मा पुल्लिंगी, जीवही पुल्लिंगी. त्यात भर म्हणजे पोर्तुगीज 'तू गेलास/गेलीस'मध्ये लिंग दिसतच नाही, मराठीत लपवता येत नाही. 'आत्म्या, तू गेलास' म्हटलं तर प्रेयसीच पुरुष होते. 'सखे' किंवा 'प्रिये' म्हटलं तर जीव हरवतो आणि भावगीताची तबकडी वाजू लागते. 'आत्मा' म्हटलं तर प्रवचन, आणि संबोधनात 'हे आत्म्या' हे कोणी कोणाला म्हणतं का?

सुटका स्वयंपाकघरातून झाली. शेजारच्या घरात आई मुलीला विचारत होती, "राजा, जेवलीस का गं?" राजा पुल्लिंगी, जेवलीस स्त्रीलिंगी, आणि कोणालाही त्यात चूक दिसत नाही, कारण मराठीत माया दाटली की लिंग घसरतं. मुलीला आपण राजा म्हणतो, सोन्या म्हणतो, माझं बाळ ते म्हणतो. मग 'माझ्या जिवा, गेलीस तू' का नाही? जी व्याकरणाची खोच वाटत होती तीच लाडाची खूण झाली. कोमलतेसाठी आपण सहसा विशेषणं शोधतो. ती बरेचदा अशा प्रत्ययात सापडते.

'जेंतिल' मात्र अजून पुरता सुटलेला नाही. आजच्या अर्थानं तो 'प्रेमळ, सौम्य' आहे, पण सोळाव्या शतकात त्यात कुलीनपणा, मनाचा मोठेपणा होता. 'कोमल' घातला तर त्या बाईचं मोल जातं आणि फक्त नाजूकपणा राहतो. 'शालीन' वधूवरांच्या जाहिरातींनी पळवला. 'थोर' म्हटलं की पुतळा. मी 'गुणी' घेतलाय. 'गुणाची होती गं ती' हे गेलेल्या बाईबद्दल आपण खरोखर म्हणतो. तोटा असा की 'गुणी' म्हटलं की अंगाईतलं बाळही डोळ्यांपुढे येतं.

काही शब्द मात्र सरळ सापळे आहेत. पहिला 'जन्म'. 'या आयुष्याची आठवण' याला मराठीत हात सहज 'या जन्माची आठवण' लिहून जातो. लिहू नका. जन्म म्हटला की पुढचा जन्मही आला, आणि पुढच्या जन्मी भेट होणार असेल तर हा माणूस देवाकडे घाई कशाची करतोय? त्याच्या जगात आयुष्य एकच आहे आणि भेटीची वाट मरणातून जाते. एका शब्दानं शेवटच्या तीन ओळी निकामी होतात. दुसरा सापळा 'विरह'. आपल्या साहित्यशास्त्रात पुन्हा भेटीची आशा असते तिथे विप्रलंभ शृंगार, आणि ती संपते तिथे करुण. दोन्हींच्या सीमेवर 'करुणविप्रलंभ' नावाची एक जागाही शास्त्रकारांनी राखलेली आहे. हे सुनीत त्या जागेच्या बरंच जवळ येतं. नुसतं 'विरह' म्हटलं की वाचक तिला परगावी गेलेली समजतो.

तिसरा सापळा मला फार आवडला होता, म्हणून सांगतो. देवाकडे शब्द टाकण्यासाठी कोकणात आणि गोव्यात नेमका शब्द आहे: गाऱ्हाणं. देवळात पुजारी किंवा गावचा मानकरी भक्ताच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालतो. दुसऱ्याच्या वतीनं मागणं, हाच कवितेचा प्रकार. 'देवाला गाऱ्हाणं घाल' लिहून मी चार दिवस खूश होतो. मग मोठ्यानं वाचलं तर मागे लोक 'व्हय महाराजा' म्हणताना ऐकू आले आणि स्वर्गात रवळनाथ अवतरला. खोडलं. 'विनव' हा फिका शब्द आहे, पण इथे फिकाच बरा.

एक जुना शब्द अकराव्या ओळीत आहे, 'मागुआ'. मूळ लॅटिन अर्थ डाग, मग जखमेचा वण, मग मनाला लागलेलं. कवी म्हणतो, तुला गमावण्याच्या त्या मागुआतून जे दुःख मला 'उरलं'. मराठीत उरून राहणाऱ्या, मधूनच टोचणाऱ्या दुःखाला 'सल' हा शब्द आहे. म्हणून मी घाव आणि सल अशी वाटणी केली: घाव तेव्हाचा, सल आत्ताचा.

वृत्ताचं विचारलं नाहीत, पण विचाराल. मूळ ओळ दहा अक्षरांची. केशवसुतांनी सुनीत मराठीत रुजवलं तेव्हापासून आपल्याकडे ते बहुतेक शार्दूलविक्रीडितात लिहिलं गेलं, ओळीला एकोणीस अक्षरं. म्हणजे जवळजवळ दुप्पट जागा, आणि ती भरायची कशानं? विशेषणांनी. माझे अश्रू आणि काळोख तिथूनच आले होते, भावनेतून नव्हे, वृत्तातल्या रिकाम्या घरांतून. म्हणून मी वृत्तही सोडलं आणि यमकही. हे नुकसान आहेच. मुळात शेवटच्या सहा ओळींत दोनच यमकं आळीपाळीनं येतात आणि त्यातलं एक तर सतत 'तुला'वर संपतं. ते मला मराठीत आणता आलं नाही. त्याऐवजी तीन 'लवकर', दोन 'डोळे', इकडे-तिकडे आणि शेवटचा 'नेलं' सांभाळले. वाचकाला यमक नसल्याचं लगेच कळतं. 'लवकर' बदलल्याचं कळत नाही, त्याला फक्त कविता लागत नाही, आणि तो समजतो मूळच असं असेल. म्हणून दुसरी फसवणूक मला जास्त वाईट वाटते.

आजचा माझा खर्डा असा आहे:

माझ्या गुणी जिवा, या आयुष्यातून गेलीस तू
इतक्या लवकर, मन न भरताच;
तिकडे स्वर्गात विसाव कायमची,
आणि मी इकडे पृथ्वीवर सदा उदास जगावं.

तिकडे, जिथे चढून गेलीस त्या उंच आसनावर,
या आयुष्याची आठवण ठेवायला मुभा असेल,
तर विसरू नकोस ते धगधगतं प्रेम
जे माझ्या डोळ्यांत इतकं निर्मळ पाहिलंस.

आणि तुला गमावल्याचा, इलाज नसलेला तो घाव,
त्याचा माझ्यापाशी उरलेला सल
तुझ्या लेखी काही मोलाचा ठरला,

तर विनव देवाला, ज्यानं तुझी वर्षं तोडली,
की तितक्याच लवकर मला इकडून तुला पाहायला ने,
जितक्या लवकर माझ्या डोळ्यांतून तिला नेलं.

शेवटच्या दोन ओळी तुम्हाला खटकतील. आधी 'तुला', मग 'तिला'. मुळात दोन्हीकडे 'तुला'च आहे. पण मराठीत ती देवाशी बोलू लागली की तिचे शब्द आणि माझे शब्द वेगळे करावे लागतात, आणि 'ने' म्हटलं की देवच समोर उभा राहतो. दुसरा पर्याय 'मला तुझ्या भेटीला नेवो, जितक्या लवकर तुला नेलं' असा. त्यात 'तुला' शाबूत राहतो, पण 'नेवो' जरा पोथीतला वाटतो. मी मोठ्यानं वाचून पाहतो तेव्हा सकाळी एक बरा वाटतो, रात्री दुसरा. गेल्या आठवड्यापासून 'नेवो'कडे झुकलोय, कारण 'तिला' म्हणताच ती एक पाऊल लांब जाते आणि शेवटच्या ओळीत ती लांब गेलेली मला परवडत नाही. तेव्हा शेवट असा वाचा:

की इकडून मला तितक्याच लवकर तुला पाहायला नेवो,
जितक्या लवकर माझ्या डोळ्यांतून तुला नेलं.

तुमचा खर्डा झाला की आधी हाच भाग मोठ्यानं वाचा, शक्यतो पोर्तुगीज येत नसलेल्या माणसापुढे. त्यानं 'कोणी कोणाला नेलं?' असं विचारलं तर सर्वनामं अजून बसलेली नाहीत. शीर्षकाचं म्हणाल, तर मुळात या सुनीताला शीर्षक नाहीच, ते पहिल्या ओळीनंच ओळखलं जातं. मीही तसंच ठेवलंय: 'माझ्या गुणी जिवा'.